दमट खोली आणि सकाळी न उठणारा संगणक

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर तीन-चार जणांनी मला बाजूला घेऊन जवळजवळ एकच गोष्ट विचारली. संगणक कधी सुरू होतो, कधी होत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. चार वेळा बटण दाबलं की पाचव्यांदा सुरू होतो आणि मग दिवसभर तक्रार नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तिथं पहिल्या झटक्यात चालतो. आणि हे विचारणारे सगळे समुद्रकाठच्या गावांतले होते, हे महत्त्वाचं. म्हणून आज एवढाच विषय घ्यायचा ठरवलं.

उदाहरण म्हणून एक खरा संगणक घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात सार्वजनिक वाचनालय आहे. तळमजला, जांभ्या दगडाची जुनी भिंत, मागं नारळाची वाडी. या भिंती पावसाळ्यात पाणी धरतात. खोलीत शिरलं की कुबट वास येतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या एका डेस्कटॉपवर सगळ्या पुस्तकांची आणि सभासदांची नोंद होती. कार्डं केव्हाच माळ्यावर गेली होती, म्हणजे नोंद तेवढी एकच. जूनअखेरीपासून हा संगणक सकाळी उठेना. ग्रंथपालबाई पाच-सहा वेळा बटण दाबून, मध्येच बंद करून, पुन्हा चालू करून कसाबसा सुरू करायच्या. एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं की मदरबोर्ड गेला, नवा संगणक घ्या. समितीकडे पैसे नव्हते.

मी पहिलं काम सांगितलं ते दुरुस्तीचं नव्हतं. संगणक आज चालू आहे ना, मग आजच सगळ्या नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. कारण असा संगणक एकदा अर्धवट उठतो, विंडोज सुरू व्हायला लागतं आणि तिथंच अडकतं. मग आपण बटण दाबून धरतो. असं दर सकाळी पाच वेळा केलं तर एके दिवशी बिघाड संपर्कात न राहता डिस्कवरच्या फाईलमध्ये जातो. पट्टी पुसता येते, फाटलेली नोंदवही पुसून दुरुस्त होत नाही.

आता हवेकडे येऊ. पावसाळ्यात त्या खोलीत मी एक साधा आर्द्रतामापक ठेवला, बाजारात काही शे रुपयांत मिळतो तो. सकाळी आकडा होता तापमान २८ अंश, सापेक्ष आर्द्रता ९० टक्के. या हवेचा दवबिंदू येतो साधारण २६ अंश. म्हणजे काय? खोलीतली कुठलीही वस्तू हवेपेक्षा दोनच अंशांनी थंड असली तरी तिच्यावर पाणी जमणार. फरशीवर ठेवलेली, भिंतीला चिकटलेली, रात्रभर बंद असलेली लोखंडी पेटी दोन अंशांनी थंड असणं ही काही मोठी गोष्ट नाही.

आता तोच संगणक चालू आहे असं धरा. आतली हवा ३८ अंशांपर्यंत तापली. पाणी तेवढंच आहे, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद जास्त, म्हणून आतली सापेक्ष आर्द्रता ९० वरून जेमतेम ५१ टक्क्यांवर येते. चालू संगणक स्वतःला वाळवतो. बंद संगणक ओला होतो. "दिवसभर तक्रार नाही, सकाळी उठत नाही" या वाक्याचा अर्धा अर्थ इथंच आहे.

उरलेला अर्धा अर्थ मिठात आहे. किनाऱ्यावरच्या हवेत समुद्राच्या तुषारांचं मीठ असतं, ते धुळीबरोबर पेटीत जाऊन बसतं. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ते तुम्ही पाहिलंय. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाच ओले होतात. म्हणजे दव पडायचीसुद्धा गरज नाही. धुळीचा एक कण आणि त्यात मीठ, एवढ्यावर पट्टीवर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थेंब तयार होतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : पण रॅमच्या पट्टीवर सोनं असतं ना? सोन्याला कुठं गंज चढतो?)

चांगला प्रश्न आहे. सोन्याला चढत नाही, बरोबर. पण ते सोनं किती जाड असतं ते बघा. चांगल्या पट्टीवरसुद्धा एका मायक्रॉनपेक्षा कमी, स्वस्त पट्टीवर त्याहून बरंच कमी. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. इतक्या पातळ मुलाम्याला सूक्ष्म छिद्रं राहतात. सोन्याखाली निकेल असतं, निकेलखाली तांबं. खारं पाणी त्या छिद्रातून खाली उतरलं की दोन धातू आणि मधे खारट पाणी, म्हणजे शाळेत केलेला विद्युतघटच झाला. त्यात सोनं सुखरूप राहतं आणि खालचा हलका धातू झिजतो. वर सोन्याचा पृष्ठभाग मोठा, खाली उघडा पडलेला ठिपका लहान, म्हणून सगळा मार त्या ठिपक्यावर बसतो. झिजलेल्या धातूचे क्षार छिद्रातून वर येतात आणि सोन्यावर पसरतात. भिंगातून पाहिलं तर तपकिरी किंवा हिरवट ठिपके दिसतात. सोनं गंजलेलं नसतं, सोन्यावर दुसऱ्याचा गंज सांडलेला असतो.

आणि हा थर वीज अडवतो. घरातल्या दिव्याच्या बटणातही असा थर बसतो, पण तिथं २३० व्होल्ट असतात, दाबताना बारीक ठिणगी पडते आणि थर जळून जातो. रॅममध्ये आपल्याकडे दीड व्होल्टच्या आसपास. एवढ्या दाबानं तो थर फुटत नाही. वाचनालयाच्या संगणकात डीडीआर-३ जातीची रॅम होती, तिला २४० संपर्क असतात. संगणक सुरू होताना बायोस रॅमला ओळखतो, तिच्या तारांवर संदेश पाठवून परत आलेला पडताळतो, वेळ जुळवतो. यात एखाद्या महत्त्वाच्या तारेनं दगा दिला तर तो पुढं जातच नाही. पडदा चालू व्हायच्या आधीच थांबतो, म्हणून चूक लिहून दाखवायचीही सोय नाही. फार तर भोंगा वाजतो, मदरबोर्डला तो लावलेला असेल तर.

मग पाचव्या वेळी का चालतो? कारण चार प्रयत्नांत मिनिटभर वीज गेलेली असते, पंखा फिरलेला असतो, आतलं तापमान थोडं वाढलेलं असतं. ओल जरा उडते, धातू केसाच्या अंशाइतका सरकतो आणि संपर्क जुळतो. बाई म्हणायच्या, "सर, त्याला जरा चुचकारावं लागतं." शब्द अगदी योग्य होता.

पण थांबा. इथं एक सापळा आहे. गार असताना न उठणारा आणि तापल्यावर चालणारा संगणक म्हटलं की जाणकार दुरुस्तीवाल्याच्या डोक्यात पहिलं नाव वेगळंच येतं, एसएमपीएसमधले किंवा मदरबोर्डवरचे म्हातारे झालेले कपॅसिटर. तेही गारठ्यात हट्ट करतात आणि तापले की कामाला लागतात. दोन्ही आजारांची लक्षणं बाहेरून सारखीच. मग रॅम पुसायची की एसएमपीएस बदलायचा? अंदाजानं ठरवायचं नसेल तर दोन कामं करावी लागतात.

पहिलं काम वहीचं. बाईंना मी एक वही करायला सांगितली. रोज चार गोष्टी लिहायच्या : संगणक किती तास बंद होता, मापकावर आर्द्रता किती, कितव्या प्रयत्नाला उठला, भोंगा वाजला का. बारा दिवसांत चित्र स्वच्छ झालं. रात्रभर बंद राहिला की तीन ते पाच प्रयत्न. सोमवारी वाचनालय बंद, त्यामुळं मंगळवारी सात-आठ. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तासभर बंद केला तर मात्र दर वेळी पहिल्या प्रयत्नात. वीज गेली आणि दहा मिनिटांत आली, तरी पहिल्या प्रयत्नात. म्हणजे बिघाड लहरी नव्हता. बंद राहिलेल्या वेळेवर ठरत होता.

पण बंद वेळेबरोबर दोन गोष्टी बदलतात, संगणक गारही होतो आणि ओलाही होतो. त्या दोन्ही वेगळ्या करायला दुसरं काम केलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर छोटं सभागृह आहे, तिथं एसी आहे. संगणकाची पेटी संध्याकाळी वर नेली, एसी २४ अंशांवर ठेवला आणि संगणक रात्रभर बंद ठेवला. सकाळी मापकावर ५५ टक्के. म्हणजे आता संगणक रोजच्यापेक्षा जास्त गार, पण कोरडा. कपॅसिटरचा दोष असता तर तो जास्तच रुसला असता. तो पहिल्या प्रयत्नात उठला. दुसऱ्या सकाळीही तसंच. या दोन रात्रींनी प्रश्न निकालात काढला. दोष गारठ्याचा नव्हता, ओलीचा होता. मदरबोर्ड "गेलेला" नव्हता.

पेटी खाली आणताना काय केलं ते मुद्दाम सांगतो. एसीतली थंड पेटी तळमजल्याच्या दमट हवेत तशीच आणली असती तर फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखी तिला आतून-बाहेरून घाम फुटला असता. म्हणून वर असतानाच ती मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं, खाली आणली, आणि तीन तास पिशवीतच ठेवली. पेटी खोलीच्या तापमानाला आली, मग पिशवी उघडली. चष्मा लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

ओल आहे हे कळलं, पण कुठं? पेटीत संपर्क भरपूर. रॅमचे स्लॉट, ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचा स्लॉट, हार्ड डिस्कच्या केबल, मदरबोर्डला जाणारा वीजेचा मोठा प्लग. पडदा चालूच होत नाही म्हटलं की हार्ड डिस्कला मी यादीतून बाजूला काढतो. डिस्क रुसली तरी बायोसचा पडदा दिसतो आणि डिस्क सापडत नाही असं काहीतरी लिहून येतं. इथं पडदा काळा, त्यामुळं संशय रॅमवर. ग्राफिक्स कार्ड वेगळं नव्हतंच.

या संगणकात दोन पट्ट्या होत्या. त्यांना पेन्सिलनं बारीक अ आणि ब असं लिहिलं, स्लॉटना एक आणि दोन. रोज सकाळी एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये ठेवून सुरू करायचं. बदल आदल्या संध्याकाळी करायचा, म्हणजे रात्रभर ओल बसायला वेळ मिळतो. बरेच जण इथं घाई करतात, पट्टी काढतात, घालतात, लगेच बटण दाबतात, आणि चालला की "हाच स्लॉट बरा" म्हणतात. पट्टी आत घालताना तिचे संपर्क स्लॉटच्या स्प्रिंगवर घासले जातात, त्या घासण्यानंच थर तात्पुरता खरवडला जातो. त्यामुळं लगेच केलेली चाचणी नेहमी पासच होणार. खरं तर संध्याकाळी अदलाबदल केली तरी थोडं घासलं जातंच, म्हणून प्रत्येक जोडीला मी दोन-दोन सकाळी दिल्या. आठ दिवस गेले. निष्कर्ष असा : अ पट्टी स्लॉट एकमध्ये दोन्ही दिवस ठीक, स्लॉट दोनमध्ये एकदा अडखळली. ब पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये अडखळली. म्हणजे ब पट्टी दोषी आणि स्लॉट दोनवर थोडा परिणाम.

भिंगातून पाहिलं तेव्हा गंमत दिसली. ब पट्टीच्या एका टोकाला, सोनेरी संपर्कांवर, अंगठ्याच्या ठशाच्या आकाराचा तपकिरी डाग होता. ही पट्टी दोन वर्षांपूर्वी नंतर बसवलेली होती. बसवणाऱ्यानं ती संपर्कांना धरून बसवली असणार. घामात मीठ असतंच, समुद्राची वाट बघायची गरज नाही.

आता साफसफाई. आधी वीज. संगणक बंद करायचा, भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढायचा, मग पेटीचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आतला साठलेला भार बराचसा उतरतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. त्याच्या आत प्लग काढल्यावरही जिवाला धोका होईल एवढा भार राहू शकतो. तिथं पुसण्यासारखं आपलं काही नाही.

कोकणात पावसाळ्यात अंगावर स्थिर वीज कमी साठते हे खरं, पण एसीच्या खोलीत काम करणार असाल तर ती साठते. पट्टीला हात लावण्याआधी पेटीच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावायचा, आणि अधूनमधून लावत राहायचा. काही घरांत अर्थिंग धड नसतं, पेटीला हात लावला की मुंग्या येतात, म्हणून प्लग आधी काढलेलाच हवा. मुंग्या येत असतील तर ते काम आधी वायरमनकडून करून घ्या, रॅम नंतर.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, ९९ टक्क्यांचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हटलं की १०० मिलिलिटरची बाटली मिळते. औषधांच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं असतं, त्यात तीस टक्के पाणी, आणि आपण पाणीच काढायला बसलोय. हात धुवायचं सॅनिटायझर अजिबात नको, त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन घातलेलं असतं. ते चिकट राहतं आणि हवेतली ओल धरतं, म्हणजे रोग वाढवायचं औषध झालं. काच पुसायचा फवारा, पेट्रोल, थिनर, हेही नको. दाराच्या बिजागरीला मारतो तो तेलकट फवारा मारला की दोन दिवस चालतो आणि मग त्या तेलाला धूळ चिकटून बसते.

(श्रोत्यांतून प्रश्न : खोडरबरनं घासतात ते?)

सगळेच घासतात, आणि संगणक चालतोही. म्हणूनच ती सवय जात नाही. माझं मत सांगतो. पांढरा मऊ खोडरबर, हलक्या हातानं, एकाच दिशेनं, आणि आयुष्यात एकदा-दोनदा, हे मी चालवून घेतो, तेही अल्कोहोलनं डाग गेला नाही तरच. शाई खोडायचा खरखरीत रबर असतो त्यात बारीक वाळूसारखी भुकटी असते, तो मुळीच नाही. आपण मघाशी मुलाम्याची जाडी पाहिली. दर पावसाळ्यात खोडरबर फिरवणारा माणूस दर पावसाळ्यात थोडं सोनं काढतो आणि पुढच्या वर्षीच्या गंजासाठी नवी छिद्रं उघडतो. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर तोही एक नवा बिघाड.

पट्टी काढताना स्लॉटच्या टोकाचे पांढरे खटके बाहेर दाबायचे, पट्टी आपोआप वर येते. कडेला धरायची, सोनेरी भागाला बोट नाही. धागे न सुटणारं कापड, चष्म्याचं चालतं, त्यावर अल्कोहोलचे दोन-तीन थेंब घ्यायचे. कापड ओलसर हवं, गळणारं नको. संपर्कांवर वरून खाली, म्हणजे पट्टी ज्या दिशेनं आत जाते त्या दिशेनं फिरवायचं, आडवं नाही. आडवं पुसलं की एका संपर्काची घाण शेजारच्यावर जाते. दोन्ही बाजू, दर वेळी कापडाचा नवा भाग. ब पट्टीला मला सहा वेळा पुसावं लागलं, पहिल्या तीन वेळा कापडावर तपकिरी रेघ येत होती. खिडकी उघडी ठेवायची, आणि जवळ समई, उदबत्ती, गॅस काही पेटतं नको. याची वाफ पेट घेते.

इथं एक बारकावा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. अल्कोहोल उडताना जागा थंड करतं. खोलीत ९० टक्के आर्द्रता असेल, दवबिंदू दोन अंशांवरच असेल, तर पुसून झाल्याबरोबर त्याच पट्टीवर हवेतलं पाणी जमतं. पांढुरका धुरकट थर येतो तो तोच. म्हणून हे काम एसीच्या खोलीत करा, नाहीतर उघडीप असलेल्या दिवशी दुपारी करा, आणि पुसल्यावर अर्धा तास थांबा. बाटलीचं झाकणही लगेच लावा. अल्कोहोल हवेतलं पाणी पितं, उघडी राहिलेली ९९ टक्क्यांची बाटली ९९ टक्क्यांची राहत नाही.

स्लॉटच्या आत सुई, टाचणी, टूथब्रश काही घालायचं नाही. आतल्या स्प्रिंग एकदा वाकल्या की मदरबोर्ड खरोखरच जातो. आधी हातानं दाबायच्या रबरी फुग्यानं धूळ उडवायची. तोंडानं फुंकायचं नाही, फुंकेबरोबर थुंकी जाते, ती खारट असते. मग पुसलेल्या पट्टीच्या संपर्कांवर अल्कोहोलचा पातळ ओलावा ठेवून ती स्लॉटमध्ये तीन-चार वेळा घालायची, काढायची, दर वेळी पट्टी पुन्हा पुसायची. स्प्रिंगवरचा थर तिच्याबरोबर बाहेर येतो. हे रोजचं काम नव्हे. असे स्लॉट साधारण पंचवीस वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेले असतात, दर आठवड्याला पट्टी काढून "बसवून बघणारे" लोक ते पंचवीस लवकर संपवतात. प्रोसेसर मात्र काढू नका. त्याच्या खालच्या पिना केसासारख्या असतात आणि त्याच्यावर दाब चांगला असल्यानं तिथं हा रोग सहसा लागत नाही.

सगळं परत बसवून तासभर थांबलो, मग प्लग लावला. सुरू झाल्यावर विंडोजमधली `mdsched.exe` ही रॅमची चाचणी चालवली, चूक आली नाही. पण ती चाचणी तापलेल्या, वाळलेल्या संगणकावर झाली. आपली खरी चाचणी म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ, आणि त्याहून खरी मंगळवारची सकाळ. बाईंनी वही चालू ठेवली. पुढचे तीन मंगळवार पहिल्या प्रयत्नात उठला. गणपतीत वाचनालय पाच दिवस बंद होतं, त्यानंतरच्या सकाळी दुसऱ्या प्रयत्नात उठला.

त्या एका सकाळीचा अर्थ मी समितीला स्पष्ट सांगितला. ब पट्टीवरचा गंज पुसला, पण छिद्रं बुजलेली नाहीत. सोनं परत चढवता येत नाही. ती पट्टी आणखी एखादा पावसाळा काढेल, मग पुन्हा रुसेल. जुन्या जातीची पट्टी असल्यानं वापरलेली काहीशे रुपयांत मिळते. ती आत्ताच घ्या, संपर्क भिंगातून बघून घ्या आणि ब काढून टाका. त्यांनी तसं केलं. नवा संगणक घ्यावा लागला नाही.

पट्टीवर हिरवी पावडर उभी राहिलेली असेल, किंवा पुसल्यावर सोनेरीऐवजी लालसर तांबं दिसत असेल, तर पुसत बसू नका, पट्टी बदला. मदरबोर्डवरच्या तारांवरच हिरवट-पांढरी पावडर पसरली असेल, विशेषतः गोल सेलच्या आसपास, तर आपल्या कापडानं भागत नाही, आणि दुरुस्तीवाला "बोर्ड गेला" म्हणाला तर तो बहुधा बरोबर असतो.

खोलीचं म्हणाल तर पेटी फरशीवरून उचलून टेबलावर ठेवली आणि भिंतीपासून वीतभर पुढं ओढली. सुट्टीच्या दिवशी कोणीतरी येऊन दोन तास संगणक चालू ठेवतो, त्याच्याच उष्णतेनं तो वाळतो. आधी त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं, ते काढून सुती कापड घातलं. प्लॅस्टिकखाली भिंतीची ओल कोंडते.

(श्रोत्यांतून प्रश्न : सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाकल्या तर?)

पेटीला चारी बाजूंनी भोकं आहेत, ताई. पुडी आधी खोलीतली ओल ओढेल, मग खिडकीतून येणारी, मग वाडीतली. रात्रीतून ती भरून जाईल आणि मग नुसती पुडी राहील. जादा रॅमची पट्टी, हार्ड डिस्क, कॅमेरा हे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणार असाल तर पुडी जरूर घाला. वाचनालयातली जुनी ब पट्टी सुटे भाग म्हणून तशाच एका डब्यात ठेवलेली आहे.